राखी सुटते, ओवाळणी अडकते

परदेशातून भारतात टपालाने किंवा कुरिअरने येणारी ‘भेट’ पूर्वी पाच हजार रुपयांपर्यंत जकातीविना सुटायची. डिसेंबर २०१९ मध्ये ही सवलत बंद झाली. अपवाद दोनच राहिले: जीवरक्षक औषधं आणि राखी. राखीसोबतची भेटवस्तू मात्र त्यातून स्पष्टपणे वगळली आहे. म्हणजे राखीला वाट मोकळी, ओवाळणीला नाका!

समजा, सॅन होजेतल्या भावाने साताऱ्याच्या बहिणीसाठी पर्स आणि घड्याळ पाठवलं. पार्सलवर ‘गिफ्ट’ लिहिल्याने जकात टळत नाही. सीमाशुल्क अधिकारी वस्तूची किंमत बघून कर लावतात. किंमत फारच कमी लिहिलेली वाटली, तर स्वतः नव्याने ठरवतात. टपालाचं पार्सल असेल, तर हा कर घरी आलेल्या पोस्टमनला द्यायचा असतो. कुरिअर असेल, तर आधी बहिणीकडे ओळखपत्र आणि पत्त्याचा पुरावा मागितला जातो. ते वेळेत दिलं नाही की ट्रॅकिंगवर पार्सल दिवसेंदिवस ‘कस्टम्स’मध्येच दिसतं. एकूण काय, ओवाळणी भावाची आणि भुर्दंड बहिणीला.

म्हणून बरेच भाऊ आता भेटवस्तू भारतातल्याच दुकानातून ऑनलाइन मागवून थेट बहिणीच्या पत्त्यावर धाडतात. तिकडून येतं ते फक्त पाकिटातलं हाताने लिहिलेलं शुभेच्छापत्र. त्यावर कसलीच जकात नाही.

व्हिडिओ कॉलचं गणित वेगळं. ऑगस्टमध्ये कॅलिफोर्निया भारताच्या साडेबारा तास मागे असतं. २०२५ची राखीपौर्णिमा शनिवारी, ९ ऑगस्टला होती आणि तिथी दुपारी दीडच्या सुमारास संपत होती. साताऱ्यात सकाळी आठला औक्षण केलं, तर भावाकडे शुक्रवारचे संध्याकाळचे साडेसात. तो नुकताच ऑफिसातून आलेला. तेच जेवणं आटोपून दुपारी एकला करायचं म्हटलं, तर त्याच्याकडे रात्रीचे साडेबारा. त्यामुळे नारळीभात नंतर, कॉल आधी.

औक्षणातही एक अडचण येते. निरांजन कॅमेऱ्यासमोर आलं की फोन ज्योतीच्या उजेडाशी जुळवून घेतो आणि मागचा बहिणीचा चेहरा काळवंडतो. फोन तांब्याला टेकवून ठेवावा, तबक त्याच्या खालच्या बाजूने फिरवावं, आणि खोलीतला दिवा चालू ठेवावा. पलीकडे टपालाने आलेली राखी बायको, मुलगी किंवा खोलीतला सोबती बांधतो.

राहिली तबकातली ओवाळणी. भावाचं भारतात एनआरई किंवा एनआरओ खातं असेल, तर अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, ऑस्ट्रेलिया, संयुक्त अरब अमिराती अशा काही देशांतल्या मोबाइल क्रमांकावरूनही यूपीआय करता येतं. बँकेने तशी सोय दिलेली हवी, एवढंच. सख्ख्या भावाकडून मिळालेल्या रकमेवर बहिणीला प्राप्तिकर नाही, रक्कम कितीही असो. ती येते कॉल चालू असतानाच, आणि मग ‘एवढे कशाला पाठवलेस रे?’ हा वाद पुढची दहा मिनिटं रंगतो.