स्कोअर ऐका, सर्व्हिस कुणाची ते कळेल

शाळेच्या बॅडमिंटन स्पर्धेला पहिल्यांदा आलेले आई-बाबा सहसा एकाच जागी अडकतात. पंच म्हणतात, "थ्री-टू." पुढची रॅली आपली मुलगी जिंकते आणि पंच म्हणतात, "सर्व्हिस ओव्हर, थ्री-ऑल." तीही पुढची रॅली जिंकते, मग "फोर-थ्री". आता हे चार कुणाचे? उत्तर सोपं आहे. पंच नेहमी सर्व्हिस करणाऱ्याचा स्कोअर आधी सांगतात. सर्व्हिस दुसरीकडे गेली की आकड्यांचा क्रमही उलटतो. "सर्व्हिस ओव्हर" हे शब्द ऐकले की आता पहिला आकडा समोरच्याचा, एवढं समजायचं. हे एकदा पक्कं झालं की बाकीचा हिशोब त्यावरूनच लागतो.

मूळ नियम असा आहे की जो रॅली जिंकतो त्याला एक गुण मिळतो, आणि पुढची सर्व्हिसही तोच करतो. सर्व्हिस कुणी केली होती याचा गुणाशी संबंध नाही. २००६पर्यंत असं नव्हतं. तेव्हा फक्त सर्व्हिस करणाऱ्यालाच गुण मिळत असे. समोरच्याने रॅली जिंकली तर त्याच्या हाती नुसती सर्व्हिस यायची, स्कोअर होता तिथेच राहायचा. सहा-सहा वर दहा मिनिटं खेळ चालला तरी फळा हलत नसे. तुमच्यापैकी ज्यांनी कॉलेजात पंधरा गुणांचा गेम खेळलाय, त्यांच्या डोक्यात अजून तोच हिशोब असतो, आणि गॅलरीत सगळ्यात जास्त गोंधळही त्यांचाच होतो.

या बदलाचा लहान मुलांच्या खेळावर फार मोठा परिणाम झाला. पूर्वी सर्व्हिस जाळ्यात गेली तर फक्त सर्व्हिस जायची. आता थेट समोरच्याला गुण मिळतो. दहा-अकरा वर्षांच्या मुलांचा सामना नीट बघा. तिथे सुंदर स्मॅशपेक्षा जाळ्यात अडकलेल्या सर्व्हिसने जास्त गुण जाताना दिसतील. एका गेममध्ये अशा पाच सर्व्हिस फुकट गेल्या की समोरच्याला न खेळता पाच गुण मिळाले. म्हणून मुलगा हरला तर "स्मॅश का मारला नाहीस" हे विचारण्याआधी त्याच्या किती सर्व्हिस पलीकडे गेल्या ते आठवून पाहा.

एकेरीत उभं राहण्याची जागाही स्कोअरच ठरवतो. सर्व्हिस करणाऱ्याचा स्वतःचा स्कोअर शून्य किंवा सम असेल तर तो उजव्या कोर्टातून सर्व्हिस करतो, विषम असेल तर डाव्या. समोरचा तिरप्या दिशेच्या कोर्टात उभा राहतो. थ्री-टू असताना सर्व्हिस डावीकडून होणार, कारण तीन विषम आहेत.

दुहेरीत मात्र भल्याभल्यांची गाडी अडते. एकच उदाहरण सावकाश पाहू. एका बाजूला सई आणि मुक्ता, दुसऱ्या बाजूला रेवा आणि जुई. सई आणि रेवा आपापल्या उजव्या कोर्टात आहेत, मुक्ता आणि जुई डाव्या. पंच म्हणतात, "लव्ह ऑल, प्ले." शून्य सम आहे, म्हणून उजवीकडची सई तिरपी सर्व्हिस रेवाला करते. सईची जोडी रॅली जिंकते. स्कोअर वन-लव्ह. आता सई आणि मुक्ता आपसात जागा बदलतात, आणि सईच डावीकडून जुईला सर्व्हिस करते. रेवा आणि जुई जागच्या हलत नाहीत.

ही रॅली रेवा-जुई जिंकतात. सर्व्हिस ओव्हर, वन-ऑल. इथे कुणीही जागा बदलत नाही. रेवा-जुईचा स्कोअर एक, म्हणजे विषम, म्हणून त्यांच्यातली डावीकडे असलेली जुई सर्व्हिस करते. तिच्या तिरप्या दिशेला आता सई आहे, म्हणून ती सईला. समजा ही रॅली सई-मुक्ताने जिंकली. सर्व्हिस ओव्हर, टू-वन. पुन्हा कुणी हलत नाही. दोन सम आहेत, आणि उजव्या कोर्टात आता मुक्ता आहे, म्हणून या वेळी मुक्ताची सर्व्हिस, रेवाला.

म्हणजे जागा फक्त एकाच वेळी बदलते: आपल्याच सर्व्हिसवर गुण मिळाला तर. आणि सर्व्हिस नव्याने हाती आली तर कुणी करायची हे आपला स्कोअर सांगतो, सम असेल तर उजवीकडची, विषम असेल तर डावीकडची. जुन्या पद्धतीत जोडीतल्या दोघांना पाळीपाळीने सर्व्हिस मिळायची. आता जोडीला एकच सर्व्हिस असते, ती गेली की गेली.

गेम २१ गुणांचा असतो आणि तीनपैकी दोन गेम जिंकावे लागतात. वीस-वीस झालं तर दोन गुणांची आघाडी हवी. २९-२९पर्यंत गेलं तर तिसावा गुण जो घेईल तो गेम जिंकतो. २०१७ च्या ग्लासगोच्या जागतिक अजिंक्यपद स्पर्धेत पी. व्ही. सिंधू अंतिम सामन्यात नोझोमी ओकुहाराकडून १९-२१, २२-२०, २०-२२ अशी हरली. सगळे गुण मोजले तर ६१ विरुद्ध ६३. पण मोजायचे असतात ते गेम. २१-१९, ५-२१, २१-१९ असा सामना जिंकणाऱ्या मुलीचे एकूण गुण ४७ भरतात आणि हरणारीचे ५९. तेव्हा एखादा गेम वाईट गेला म्हणून घाबरून जाऊ नका. पुढचा गेम पुन्हा लव्ह ऑलपासूनच सुरू होतो.

कुणीतरी अकरा गुणांवर पोहोचलं की एक मिनिटाची विश्रांती असते, दोन गेमच्या मध्ये दोन मिनिटांची. प्रत्येक गेमनंतर बाजू बदलतात, आणि तिसऱ्या गेममध्ये अकरावरही बदलतात. हे निव्वळ उपचार म्हणून नाही. शाळेच्या हॉलमध्ये दारं-खिडक्या उघड्या असतात, वाऱ्याने शटल एका बाजूला ओढलं जातं, आणि तो त्रास दोघांनाही सारखा वाटून घ्यावा लागतो. शालेय स्पर्धांत सुरुवातीच्या फेऱ्या कधी एकाच गेमच्या असतात किंवा कमी गुणांच्या ठेवलेल्या असतात, कारण एका दिवसात खूप सामने उरकायचे असतात. त्यामुळे आपल्या मुलाचा सामना सुरू होण्याआधी गेम किती गुणांचा आणि किती गेम, हे आयोजकांना विचारून घ्या.

दुहेरीत मुलं चुकीच्या जागी उभी राहतातच, विशेषतः पहिल्या स्पर्धेत. त्याचा गुण जात नाही. चूक लक्षात आली की जागा दुरुस्त करतात, आणि तोवरचा स्कोअर तसाच कायम राहतो. तेव्हा गॅलरीतून "अगं तू तिकडे!" असं ओरडू नका. पंचांना त्यांचं काम करू द्या, आणि मुलींना स्वतःचा स्कोअर स्वतः मोजू द्या.