वर्ष २५२ दिवसांचं की ३६५?

एक क्रिप्टो स्ट्रॅटेजी घ्या. वर्षभराच्या नोंदींवरून तिचा रोजचा सरासरी परतावा ०.१ टक्का निघतो आणि त्या परताव्यातला चढउतार, म्हणजे प्रमाण विचलन, २ टक्के. हे दोन आकडे दोघांच्या हाती दिले, तर एक जण तिचा वार्षिक शार्प रेशो ०.७९ सांगेल आणि दुसरा ०.९६. बेरीज-भागाकारात दोघांचंही काही चुकलेलं नाही. फरक पडतो तो अगदी शेवटच्या गुणाकारात. पहिल्याने वर्षाचे २५२ दिवस धरले, दुसऱ्याने ३६५.

शार्प रेशो मांडला विल्यम शार्प या अमेरिकी अर्थशास्त्रज्ञाने, १९६६ साली, म्युच्युअल फंडांची कामगिरी तोलण्यासाठी. परताव्यातून बिनजोखमीचं व्याज वजा करायचं आणि उरलेल्याला चढउताराने भागायचं, इतकाच त्याचा गाभा. (वरच्या उदाहरणात ते व्याज आधीच वजा केलं आहे असं समजा.) रोजच्या आकड्यांवरून वार्षिक रेशो काढताना मात्र एक वर्गमूळ मध्ये येतं. परतावा दिवसांच्या संख्येच्या प्रमाणात वाढतो. चढउतार तसा वाढत नाही, कारण चढीचे आणि पडीचे दिवस एकमेकांना काही अंशी खोडून काढतात. तो दिवसांच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढतो. म्हणून रोजच्या रेशोला दिवसांच्या वर्गमुळाने गुणतात. २५२ चं वर्गमूळ १५.८७ आहे आणि ३६५ चं १९.१.

२५२ हा आकडा अमेरिकी शेअर बाजाराचा. शनिवार, रविवार आणि सुट्ट्या वगळल्या की वर्षात सरासरी तेवढेच दिवस उरतात. क्रिप्टोचा बाजार बंदच होत नाही. बहुतेक एक्स्चेंजेसचा दिवस यूटीसी मध्यरात्री, म्हणजे भारतात पहाटे साडेपाचला, संपतो. पण ती फक्त हिशेबाची रेघ. पुढच्या सेकंदाला सौदे सुरूच असतात आणि वर्षाअखेर वहीत ३६५ ओळी जमतात. शेअर बाजारासाठी लिहिलेल्या सॉफ्टवेअरमध्ये २५२ हा आकडा आधीच भरून ठेवलेला असतो आणि तो बदलायचं राहून जातं.

यात शार्प रेशो कमीच दिसतो, मग बिघडलं काय, असं कुणी म्हणेल. बिघडतं ते जोखमीच्या बाजूला. तोच गुणक वार्षिक चढउतार काढायलाही वापरतात. रोजचा २ टक्के चढउतार २५२ ने वार्षिक ३१.७ टक्के दिसतो, ३६५ ने ३८.२ टक्के. समजा, गुंतवणूकदाराने ठरवलं की एकूण पैशांचा वार्षिक चढउतार २० टक्क्यांच्या पुढे जाऊ द्यायचा नाही. चुकीच्या आकड्यावरून तो शंभरातले ६३ रुपये स्ट्रॅटेजीत घालेल. खरं तर ५२ घालायला हवेत. शार्प रेशोत सावध वाटणारी चूक प्रत्यक्षात पाचव्या हिश्शाहून जास्त जादा पैसा जोखमीत ढकलते.

याच्या उलटी चूक शनिवार-रविवारी घडते. ती जास्त घातक आहे, कारण ती दिसत नाही. बिटकॉइनची तुलना निफ्टीशी किंवा अमेरिकी शेअर्सशी करायची म्हणून दोन्हींच्या तारखा जुळवल्या जातात आणि शनिवार-रविवारच्या ओळी गळून पडतात. भावांच्या ओळी गळाल्या तर सोमवारच्या परताव्यात तीन दिवसांची हालचाल एकवटते आणि वर्षाच्या साधारण २६१ ओळी उरतात. त्यांना ३६५ चं वर्गमूळ लावलं की रेशो सुमारे १८ टक्क्यांनी फुगतो. परतावा आधी काढून मग ओळी गाळल्या तर आणखी वाईट, कारण शनिवार-रविवारचे नफे-तोटे हिशेबातूनच पुसले जातात.

१८ जून २०२२ हा शनिवार होता. शुक्रवारचा दिवस संपला तेव्हा बिटकॉइन सुमारे साडेवीस हजार डॉलरवर होता. शनिवारी तो अठरा हजारांच्याही खाली गेला आणि रविवार संपेपर्यंत पुन्हा साडेवीस हजारांच्या आसपास आला. शुक्रवारचा भाव आणि रविवार अखेरचा भाव एवढेच शेजारी ठेवले, तर त्या दोन दिवसांत काहीच घडलं नाही असं वाटेल. प्रत्यक्षात भाव बारा टक्क्यांहून जास्त खाली जाऊन आला होता. दहापट उधारीवर खरेदी करून बसलेल्याचं मार्जिन त्या घसरणीत संपतं. एक्स्चेंज त्याचा सौदा तिथेच कापून टाकतं आणि रविवारची उसळी त्याच्या कामाची राहत नाही. कामाच्या दिवसांच्या ओळींवरून काढलेल्या चढउतारात या पडझडीचा मागमूस नसतो. म्हणून क्रिप्टोची मालिका आधी सातही दिवसांची पूर्ण करावी, रेशो तिच्यावर काढावा आणि शेअर्सशी तुलना वेगळी ठेवावी.

जवळचीच आणखी एक चूक हात रिकामे असलेल्या दिवसांची. समजा, स्ट्रॅटेजी वर्षातले ७३ दिवसच सौद्यात असते आणि त्या दिवसांपुरता तिचा रोजचा रेशो ०.१ आहे. शून्य परताव्याचे दिवस गाळून ०.१ ला १९.१ ने गुणलं की १.९१ असा रुबाबदार आकडा मिळतो. उरलेले २९२ दिवस शून्य परतावा धरून मालिकेत घेतले तर रेशो ०.८५ वर येतो. पैसा त्या दिवसांतही अडकून होताच, तेव्हा दुसरा आकडाच खरा.

चढीलाही जोखीम म्हणणं शार्प रेशोत अन्यायाचं वाटतं. एका दिवसात १५ टक्के नफा झाला तरी तो चढउतार वाढवतो आणि रेशोचा भाजक फुगवतो. क्रिप्टोत असे दिवस येतात, म्हणून इथे फ्रँक सोर्टिनो यांच्या नावाचा रेशो आवडीने वापरला जातो. त्यात फक्त ठरलेल्या पातळीखालची घसरण मोजतात. वार्षिक करताना गुणक तोच लागतो. चूक बहुधा त्याच्याही आधी, भाजकात झालेली असते.

दहा दिवसांचे परतावे टक्क्यांत असे धरू: २, −१, १, ०, ३, −२, १, −१, २, ०. बेरीज ५, रोजची सरासरी ०.५. पातळी शून्य धरली तर तोट्याचे दिवस तीन. त्यांचे वर्ग १, ४ आणि १, मिळून ६. याला दहाने भागायचं, तीनने नाही, कारण ज्या दिवशी घसरण झाली नाही तो दिवसही शून्य घसरणीचा म्हणून मोजायचा असतो. उत्तर ०.६, त्याचं वर्गमूळ सुमारे ०.७७ आणि रोजचा सोर्टिनो ०.६५. बरेच जण मात्र तोट्याचे तीन दिवस बाजूला काढून त्यांचं प्रमाण विचलन काढतात. ते ०.५८ येतं आणि रेशो ०.८७ वर चढतो.

ही पद्धत किती फसवी आहे ते स्टॉप लॉस लावणाऱ्या स्ट्रॅटेजीत उघड होतं. समजा, तिन्ही तोटे नेमके दीड-दीड टक्क्याचे आहेत. एकूण तोटा वाढला, योग्य हिशेबाने सोर्टिनो ०.५५ पर्यंत उतरला. पण तिन्ही तोटे सारखे असल्यामुळे त्यांचं प्रमाण विचलन शून्य होतं आणि चुकीच्या हिशेबाने रेशो अनंत होतो! कुणाचा सोर्टिनो त्याच्या शार्पच्या पाच-सहा पट दिसला, तर आधी भाजक तपासावा.

भारतात राहून नाणी विकणाऱ्याला याच मालिकेतून आणखी एक गोष्ट दिसेल. २०२२ पासून अशा नफ्यावर ३० टक्के कर आहे आणि एका सौद्याचा तोटा दुसऱ्याच्या नफ्यातून वजा करता येत नाही. मूळच्या दहा दिवसांतला प्रत्येक दिवस वेगळा, पूर्ण झालेला सौदा मानला तर नफा ९, तोटा ४. कर ५ वर नाही, ९ वर बसतो, म्हणजे २.७. हातात उरतात २.३. तोटे मात्र जसेच्या तसे राहतात. रोजचा सोर्टिनो ०.६५ वरून थेट ०.३० होतो. परदेशी एक्स्चेंजच्या आकड्यांवर तयार झालेल्या बॅकटेस्टमध्ये हा कर कुठेच नसतो.

ओळी जितक्या बारीक, तितका गुणक मोठा. ताशी नोंदी असतील तर वर्षात ८,७६० तास आणि गुणक ९३.६. इथे वर्गमुळाच्या नियमामागचं गृहीतक आठवावं लागतं: आजचा परतावा कालच्यापासून स्वतंत्र असला पाहिजे. परपेच्युअल फ्यूचर्समधल्या फंडिंगवर चालणाऱ्या स्ट्रॅटेजीत तो तसा नसतो. नाणं विकत घ्यायचं, तेवढंच फ्यूचर विकायचं आणि अनेक एक्स्चेंजेसवर दर आठ तासांनी तेजीवाल्यांकडून मंदीवाल्यांना मिळणारी रक्कम गोळा करायची, अशी तिची रीत. एका खेपेला दर चढा असला की पुढच्या खेपेलाही तो बहुधा चढाच असतो. त्यामुळे चांगले आणि वाईट दिवस एकमेकांना खोडून काढत नाहीत, गठ्ठ्याने येतात.

अँड्र्यू लो यांनी २००२ साली हे हेज फंडांच्या बाबतीत दाखवून दिलं. परताव्यांतल्या अशा साखळीमुळे वार्षिक शार्प रेशो ६५ टक्क्यांपर्यंत फुगलेला असू शकतो, असं त्यांना आढळलं. आठ तासांच्या वर्षात १,०९५ खेपा होतात. लागोपाठच्या परताव्यांत ०.५ इतका सहसंबंध असेल आणि पुढच्या खेपांत तो निम्म्यानिम्म्याने ओसरत असेल, तर वर्गमुळाने ६ दिसणारा रेशो प्रत्यक्षात ३.५ च्या घरातला असतो. तपासण्याची रीत सोपी आहे. रेशो एकदा आठ तासांच्या, एकदा रोजच्या आणि एकदा आठवड्याच्या परताव्यांवरून काढावा, प्रत्येक वेळी योग्य गुणकाने. तिन्ही उत्तरं जवळपास आली तर ठीक. मुदत वाढेल तसा आकडा घसरत गेला तर साखळी आहे असं समजावं आणि आठवड्याचाच आकडा धरावा.

गुणक योग्य असला, ओळी पूर्ण असल्या, तरी एका वर्षाच्या नोंदी फार थोडं सांगतात. वार्षिक शार्प रेशोची प्रमाण त्रुटी ढोबळमानाने १ भागिले वर्षांच्या संख्येचं वर्गमूळ इतकी असते. एका वर्षाला ती १. म्हणजे सुरुवातीच्या ०.९६ भोवती साधारण उणे १ ते अधिक ३ एवढा पट्टा मोकळा राहतो. ताशी नोंदी घेऊन ओळी चोवीसपट केल्या तरी तो अरुंद होत नाही, कारण सरासरी परताव्याबद्दलची माहिती वर्षांतून मिळते, ओळींतून नाही. शार्प १ असलेली स्ट्रॅटेजी शून्यापासून वेगळी ओळखू यायला सुमारे चार वर्षं लागतात. आणि क्रिप्टोतली चार वर्षं एकाच बाजाराची नसतात. १२ मार्च २०२० च्या एका दिवसात बिटकॉइन जवळपास ४० टक्के घसरला, नोव्हेंबर २०२२ मध्ये एफटीएक्स हे मोठं एक्स्चेंज दिवाळखोरीत गेलं, जानेवारी २०२४ मध्ये अमेरिकेत बिटकॉइनचे स्पॉट ईटीएफ सुरू झाले. एप्रिल २०२० पासून पुढची चार वर्षं घेतली तर त्यांतली पहिली घटना खिडकीच्या बाहेर राहते आणि रेशो सुधारतो. मार्चपासून घेतली तर ती आत येते. बॅकटेस्ट कोणत्या तारखेपासून सुरू होते, हे म्हणूनच रेशोच्या शेजारी छापलेलं असायला हवं.