कोपऱ्यातली टोस्टची रांग

औषधांच्या एका घाऊक दुकानातला संगणक डोळ्यांसमोर आणू. काउंटरवरच्या कारकुनाने साठ्याच्या यादीतून चुकून एक नोंद काढून टाकली. स्क्रीनच्या उजव्या खालच्या कोपऱ्यात एक छोटी पट्टी वर आली: ‘नोंद काढून टाकली’ आणि शेजारी ‘पूर्ववत करा’ असं बटण. त्याच्या लक्षात चूक आली, माउस बटणाकडे निघाला. नेमक्या त्याच क्षणी खालून दुसरी पट्टी आली, ‘बिल क्रमांक 418 तयार झाले’, आणि तिने पहिलीला वर ढकललं. क्लिक पडलं ते दुसऱ्या पट्टीवरच्या ‘बिल उघडा’वर. बिल उघडलं. तोवर पहिल्या पट्टीची मुदत संपली आणि ती ‘पूर्ववत करा’सकट नाहीशी झाली.

या पट्टीला संगणकाच्या जगात टोस्ट म्हणतात. टोस्टरमधून भाजलेला ब्रेड टुणकन वर येतो तशी ती वर येते, म्हणून हे नाव. एमएसएन मेसेंजरच्या काळात ज्यांनी संगणक वापरला, त्यांना मित्र ऑनलाइन आला की कोपऱ्यातून वर सरकणारा तो चौकोन आठवत असेल. टोस्ट काम थांबवत नाही, ‘ओके’ दाबायला लावत नाही. सांगायचं ते सांगून आपणहून निघून जाते. एकच टोस्ट असेल तर करणाऱ्याला फार विचार करावा लागत नाही. दोन-तीन एकदम आल्या की मात्र तीन प्रश्न उभे राहतात: दोघींमध्ये अंतर किती, नवी कुठून आत येणार, आणि कोण कधी जाणार. दुकानातल्या कारकुनाची फसगत या तिन्हींच्या गुंत्यातून झाली.

अँड्रॉइडने हा गुंता मुळातच टाळला. तिथल्या साध्या टोस्ट एकावर एक रचल्याच जात नाहीत. एक येते, 2 किंवा 3.5 सेकंद थांबते, जाते, मग पुढची. फोनच्या छोट्या पडद्यावर हे चालून जातं. संगणकावर मात्र लोक एकाच वेळी चार कामं करत असतात. पाच संदेश एकामागून एक दाखवायचे तर शेवटचा दिसेपर्यंत पंधरा-वीस सेकंद उलटतात आणि तो कशाबद्दल होता हेच विसरायला होतं. म्हणून तिथे रचण्याची पद्धत रुळली.

आधी अंतराचं पाहू, कारण ते सर्वांत सोपं वाटतं आणि चुका तिथूनच सुरू होतात. समजा, एका ओळीची टोस्ट 64 पिक्सेल उंच आहे, दोघींमध्ये 12 पिक्सेलची फट ठेवायची आहे आणि स्क्रीनच्या काठापासून 24 पिक्सेल जागा सोडायची आहे. नवखा डेव्हलपर हिशेब करतो: पहिली तळापासून 24 वर, दुसरी 100 वर, तिसरी 176 वर, दर टोस्टमागे 76 वाढवत जायचं. इंग्रजी संदेशांवर हे महिनोन्‌महिने बिनबोभाट चालतं. मग सॉफ्टवेअर मराठीत येतं. इंग्रजीतला दोन शब्दांचा संदेश मराठीत कधी एक लांब वाक्य होतो आणि तीन ओळींवर जातो. ओळीमागे 20 पिक्सेल धरले तर मधल्या टोस्टची उंची 104 होते. तिचा माथा आता 204 वर पोचला, पण वरची टोस्ट अजून 176 वरच बसलेली. 28 पिक्सेल एकमेकींवर चढले. वरच्या टोस्टच्या मजकुराखाली 22 पिक्सेलची मोकळी जागा होती, ती सगळी गेली आणि वर आणखी 6 पिक्सेल गेले. देवनागरीत ओळीच्या तळाशी उकार असतात. तेच झाकले जातात. ‘चालू’चं ‘चाल’ होतं. डेव्हलपरला मराठी वाचता येत नसेल तर काही बिघडलंय हेही त्याला कळत नाही.

उपाय असा की उंचीचा हिशेब माणसाने करूच नये. ब्राउझरला प्रत्येक टोस्टची खरी उंची ठाऊक असते. रचण्याचं काम त्याच्यावर सोपवायचं. सगळ्या टोस्ट एका डब्यात ठेवायच्या आणि फट डब्याला सांगायची:

```css
.toasts {
  position: fixed;
  right: 24px;
  bottom: 24px;
  display: flex;
  flex-direction: column;
  gap: 12px;
}
```

डबा तळाशी बांधलेला आहे, त्यामुळे तो वरच्या बाजूला वाढतो. शेवटी टाकलेली टोस्ट सर्वांत खाली, कोपऱ्याला लागून बसते आणि आधीच्या आपसूक वर सरकतात. मजकूर एका ओळीचा असो की चार ओळींचा, फट 12 ची 12 राहते.

आता मुख्य प्रश्न. नवी टोस्ट कोपऱ्यालगत यावी की रांगेच्या दुसऱ्या टोकाला, सर्वांत वर? पहिल्या पद्धतीत नवी आली की जुन्या हलतात. दुसऱ्या पद्धतीत येताना काहीच हलत नाही, पण जुनी टोस्ट तळाशी असते, आणि मुदत आधी तिचीच संपते. ती गेली की वरच्या सगळ्या धपकन खाली येतात. हलणं दोन्हीकडे सारखंच; फरक आहे तो कोण हलतं यात. पहिल्या पद्धतीत हलतात त्या बहुधा वाचून झालेल्या टोस्ट. दुसरीत हलते ती नवी, जी माणूस त्या क्षणी वाचत असतो. वाचता वाचता ओळ डोळ्यांखालून सरकते. शिवाय नवी टोस्ट येताना दिसते तरी, हालचालीचं कारण समोर असतं. मुदत संपल्यावर होणारी घसरण कारण न दाखवता होते. एवढ्यासाठी खालच्या कोपऱ्यातल्या रांगेला पहिली पद्धत अधिक चांगली. सगळ्यांची मुदत सारखी असेल तर सर्वांत जुनी सर्वांत वर असते, वरूनच विरून जाते, आणि खालच्या एकीलाही धक्का लागत नाही.

मुदती सारख्या नसल्या, किंवा माणसाने मधलीच टोस्ट फुलीवर क्लिक करून बंद केली, तर मध्ये खिंडार पडतं. ते हळूच मिटवण्यासाठी जाणाऱ्या टोस्टची उंची सेकंदाच्या पाचव्या हिश्शात शून्यावर आणतात. इथे एक बारीक खोड लपलेली आहे आणि ती कितीतरी चांगल्या सॉफ्टवेअरमध्ये दिसते. उंची शून्य झाली तरी टोस्ट डब्यात असतेच, त्यामुळे तिच्या वर 12 आणि खाली 12 अशा दोन फटी शिल्लक राहतात. शेवटी ती खरोखर काढली की दोनाची एक फट होते आणि वरच्या टोस्ट 12 पिक्सेलचा एक हिसका खातात. हालचाल लोण्यासारखी होते आणि अगदी शेवटी अडखळते. बघणाऱ्याला काहीतरी खटकतं, काय ते सांगता येत नाही. उंचीबरोबरच त्या टोस्टचं खालचं मार्जिन उणे 12 पर्यंत नेलं की एक फट आधीच मिटते आणि हिसका जातो.

राहिला कारकून. त्याची टोस्ट जुनी होती, पण तिच्यातलं काम बाकी होतं. त्यासाठी नियम असा ठेवतात: माउस रांगेवर आला की रांग गोठवायची. नवी टोस्ट आत येत नाही, बाहेर थांबते. कुणाचीच मुदत पुढे सरकत नाही. फक्त माउसखालच्या टोस्टची मुदत थांबवून भागत नाही, कारण तिच्या शेजारच्या निघून गेल्या तर रांग पुन्हा हलेल. माउस वाटेत असतानाच नवी टोस्ट आली तर मात्र हा नियम पोचत नाही. म्हणून ‘पूर्ववत करा’सारखं बटण असेल तर तेच काम यादीतल्या त्या ओळीच्या जागीही ठेवलेलं बरं.

मुदत थांबवणं म्हणजे नक्की काय, इथेही घोळ होतो. टोस्टला 6 सेकंद दिलेत, साडेचार झाल्यावर माउस आला. तो हलल्यावर उरलेला दीड सेकंद मोजायला हवा. कित्येक ठिकाणी घड्याळ आतून चालूच राहतं आणि माउस बाजूला होताच टोस्ट तत्काळ गायब होते. दुसरी चूक रांगेबाहेर थांबलेल्यांच्या बाबतीत होते. एका वेळी तीनच दाखवायच्या असं बहुतेक जण ठरवतात. एमिल कोवाल्स्की यांच्या ‘सॉनर’ या लोकप्रिय लायब्ररीतही मूळ संख्या तीनच आहे. तीन टोस्ट आणि कडेची जागा मिळून 240 पिक्सेल होतात, त्याहून उंच ढीग काम झाकू लागतो. पण चौथीची मुदत ती तयार झाल्यापासून मोजली तर आत येईपर्यंत ती निम्मी संपलेली असते, आणि टोस्ट नुसती चमकून जाते. मोजणी दिसल्या क्षणापासूनच हवी. तसंच माणूस दुसऱ्या टॅबवर गेला असेल तेव्हाही मोजणी थांबायला हवी. एरवी त्याच्या पाठीमागे टोस्ट येते आणि कुणी न वाचताच निघून जाते.

किती सेकंद द्यायचे याला एक ठाम आकडा नाही. विंडोजमध्ये ठरीव मुदत 5 सेकंद आहे आणि सेटिंगमध्ये ती 5 मिनिटांपर्यंत वाढवता येते. ही वाढवण्याची सोय महत्त्वाची आहे: सावकाश वाचणाऱ्याला, स्क्रीन मोठी करून वाचणाऱ्याला, हात थरथरणाऱ्याला 5 सेकंद पुरत नाहीत. ‘बदल जतन झाले’ ही खबर गेली तरी नुकसान नाही. ‘पैसे जमा झाले नाहीत’ ही टोस्ट आपणहून जाताच कामा नये. माणसाने फुली दाबेपर्यंत ती तिथेच हवी.

ज्यांना स्क्रीन दिसत नाही त्यांच्यासाठी स्क्रीन रीडर ही टोस्ट वाचून दाखवतो, पण एका अटीवर. डब्यावर `role="status"` अशी खूण हवी आणि डबा पान उघडल्यापासून, रिकामा का होईना, तिथे असायला हवा. पहिल्या टोस्टबरोबरच डबाही तयार केला तर पहिला संदेश बहुतेकदा बोललाच जात नाही, दुसऱ्यापासून आवाज येतो. डोळ्यांनी तपासणाऱ्याला यात काहीच वावगं दिसत नाही.

तपासणी फार अवघड नाही. एक ओळीचा, तीन ओळींचा आणि पुन्हा एक ओळीचा असे तीन संदेश लागोपाठ सोडायचे. मधला फुलीने बंद करून शेवटचा हिसका बघायचा. उरलेल्यांवर माउस धरून मिनिटभर थांबायचं, मग काढायचा. आणखी एक संदेश सोडून लगेच दुसऱ्या टॅबवर जायचं, चहा पिऊन परत यायचं, आणि टोस्ट अजून कोपऱ्यात आहे का ते पाहायचं.