ब्रेडच्या बुडावर टकटक: हा आवाज नेमकं काय मोजतो?

माठ घेताना आपण बोटाने वाजवून बघतो. ब्रेड भाजला की नाही हे बघायलाही तशीच युक्ती सांगतात: ब्रेड उलटा करा, बुडावर टकटक करा, पोकळ आवाज आला की झाला. माझा पहिला ब्रेड २५ मिनिटांत छान तपकिरी दिसत होता आणि वाजवल्यावर आवाजही मला पोकळ वाटला. लगेच कापला, तर आत चिकट, सुरीला पीठ लागलेलं.

आता यात तीन शंका होत्या आणि मी त्या एकत्र करून ठेवल्या होत्या. ओव्हन खरंच तेवढा तापला होता का? मला पोकळ आवाज ओळखता येतो का? आणि गरम ब्रेड कापल्यामुळे तो चिकट दिसला का? गरम ब्रेडमधला स्टार्च अजून घट्ट व्हायचा असतो, त्यामुळे नीट भाजलेला ब्रेडही लगेच कापला तर आत ओलसर लागतो. म्हणजे माझा 'पुरावा'च संशयास्पद होता.

दुसऱ्या वेळी पीठ तेच ठेवलं: ३०० ग्रॅम मैदा, १९५ ग्रॅम पाणी, ६ ग्रॅम मीठ, ३ ग्रॅम इन्स्टंट यीस्ट. दहा मिनिटं मळलं, दुप्पट होईपर्यंत झाकून ठेवलं (पुण्याच्या उन्हाळ्यात तासभर पुरतो), मग गोल आकार देऊन परत पाऊण तास. बदल केला तो फक्त भाजण्यात.

आधी ओव्हनमध्ये वेगळा थर्मामीटर ठेवला. माझ्या छोट्या ओटीजीची कळ २२० वर होती, दिवा विझला होता, आणि आत होते १९० अंश! दिवा विझला म्हणजे हवा तापली इतकंच; ट्रे आणि भिंती तापायला वेळ लागतो. वरची सळई मात्र ब्रेडच्या अगदी जवळ, त्यामुळे वरचा रंग आधीच येतो. रंगावर विसंबू नका ते यासाठी. कळ २४० वर नेली आणि अर्धा तास तापू दिलं, तेव्हा थर्मामीटर २१५ च्या आसपास आला.

मग वाफ. सुरुवातीच्या मिनिटांत आतला वायू फुगतो आणि ब्रेड वर येतो. तेवढा वेळ वरचं कवच मऊ राहायला हवं, नाहीतर ते आधीच कडक होऊन ब्रेड कुठेतरी बाजूला फाटतो. बरेच जण गरम ट्रेमध्ये पाणी ओततात. ओटीजीत मी ते करत नाही. खालची सळई उघडी असते आणि तापलेल्या काचेवर थेंब उडाला तर काच तडकू शकते. त्याऐवजी ब्रेडवर स्टीलचं पातेलं पालथं घातलं (प्लास्टिकची मूठ नसलेलं). पिठातलंच पाणी वाफ होऊन आत कोंडतं. १५ मिनिटांनी पातेलं काढलं, कारण आता उलट हवं असतं: कवच वाळायला पाहिजे, त्याशिवाय रंगही येत नाही आणि कुरकुरीतपणाही.

यानंतर दर वेळी जाड फडक्याने ब्रेड उचलून आधी बूड वाजवलं, आवाज लिहिला, आणि मगच बुडातून मधोमध थर्मामीटर टोचला. क्रम महत्त्वाचा, आकडा आधी बघितला की कान तोच आवाज ऐकतात. २५ मिनिटांना 'थप', आत ८४ अंश. ३२ मिनिटांना मधलंच काहीतरी, ९१. ३८ मिनिटांना स्पष्ट 'टक टक', ९६. पुण्यात पाणी साधारण ९८ अंशांना उकळतं आणि ब्रेड आतून ओलसरच असतो, त्यामुळे आकडा त्याच्या वर जाईल याची वाट बघत बसू नका. (दार तीनदा उघडल्याने वेळ थोडा वाढला, हे खरं.)

आवाज बदलतो कारण मधलं पीठ कच्चं असेपर्यंत जड आणि लिबलिबीत असतं, ते ठोक्याचं कंपन गिळून टाकतं. शिजल्यावर तिथे छिद्राछिद्रांचा, आकार धरलेला गर होतो, कडेने वाळलं कवच, आणि ठोका घुमतो. म्हणजे पहिल्या दिवशी मी ऐकलेला 'पोकळ' आवाज बहुतेक 'थप'च होता. तुलनेला दुसरा आवाजच नव्हता.

पण ही चाचणी सगळीकडे चालत नाही. दूध-लोणी घातलेल्या मऊ ब्रेडचं कवच पातळ, तो भाजूनही नीट वाजत नाही. खालची सळई जास्त तापली तर बूड जाड होऊन आत कच्चं असतानाही टक वाजतं. अशा वेळी थर्मामीटरच खरा.

दुसरा ब्रेड जाळीवर दीड तास ठेवून कापला. सुरी कोरडी निघाली.