योग जुळतोय की सुटतोय?

पाश्चात्य पद्धतीची कुंडली आता मोबाइलवर क्षणात निघते. मधल्या वर्तुळात लाल-निळ्या रेघांचं जाळं दिसतं. दोन ग्रहांत साधारण ९० अंशांचं अंतर असलं की लाल रेघ, म्हणजे केंद्रयोग. अंतर ८८ असो की ९२, रेघ तीच आणि रंगही तोच. पण यातल्या एकात योग अजून व्हायचा असतो आणि दुसऱ्यात तो होऊन गेलेला असतो. ‘कधी?’ हा प्रश्न विचारायला आलेल्या माणसाच्या दृष्टीनं सगळा फरक इथेच पडतो, आणि नेमका तोच त्या रेघेत दिसत नाही.

तो ओळखायची रीत सोपी आहे. दोन ग्रहांतला वेगवान कोण, ते आधी बघायचं. चंद्र सर्वांत चपळ, मग बुध, शुक्र, रवी, मंगळ, गुरू आणि शेवटी शनी. वेगवान ग्रहाचे राशीतले अंश मंद ग्रहापेक्षा कमी असतील, तर तो नेमक्या अंतराकडे निघालेला आहे. हा होऊ घातलेला योग, ज्याला अभ्यासक ‘अप्लाइंग’ म्हणतात. अंश जास्त असतील तर तो बिंदू मागे पडला, म्हणजे योग सुटला. त्याला ‘सेपरेटिंग’ म्हणतात.

आपल्याकडे वर्षफळ काढणाऱ्यांना यात नवं काही वाटणार नाही. त्यांचे इत्थशाल आणि ईसराफ हे योग म्हणजे हीच जोडी. अरबी-फारसी ज्योतिषातून हे शास्त्र संस्कृतात आलं आणि नीलकंठ दैवज्ञांनी १५८७ मध्ये ‘ताजिक नीलकंठी’त ते बांधून ठेवलं. त्याच अरबी मुळातून युरोपकडे गेलेली दुसरी शाखा लंडनच्या विल्यम लिली यांच्या १६४७ सालच्या ‘ख्रिश्चन ॲस्ट्रॉलॉजी’त सापडते. प्रश्नकुंडलीचा हा ग्रंथ आजही पाश्चात्य ज्योतिषी उशाशी ठेवतात. या रीतीच्या भाकितांना विज्ञानाचा आधार नाही, हे इथेच सांगून टाकतो. पण तिचं आतलं गणित काटेकोर आहे, आणि ते पाहण्यासारखं आहे.

एक कुंडली मांडून बघू. उदाहरण मी रचलेलं आहे, नियम परंपरेचे आहेत. एक गृहस्थ विचारतात, ‘माझा फ्लॅट विकला जाईल का, आणि कधी?’ प्रश्नाच्या वेळी सायन कर्क लग्न उदित आहे, म्हणून विकणाऱ्याचा ग्रह चंद्र. सप्तमात मकर येते, म्हणून समोरच्या गिऱ्हाइकाचा ग्रह शनी. दशमस्थानावरून किंमत बघतात. तिथे मेष आहे, तेव्हा किमतीचा मालक मंगळ. आता अंश बघा. चंद्र तूळ राशीत १० अंश २० कला, शनी धनूत १४ अंश ३० कला, मंगळ कर्केत ८ अंश २० कला.

चंद्र शनीशी लाभयोग करायला निघाला आहे आणि त्याला ४ अंश १० कला चालायची आहेत. विकणारा आणि घेणारा एकमेकांकडे येताहेत, योगही सौम्य आहे. व्यवहार होईल, असं म्हणायला आधार मिळाला. राहिलं कधी ते. आकाशातला चंद्र तासाला साधारण अर्धा अंश सरकतो, म्हणजे खरा योग आठ-नऊ तासांत पुरा होईल. पण प्रश्नकुंडलीत तास मोजत नाहीत. एका अंशाला एक दिवस, एक आठवडा, एक महिना किंवा एक वर्ष धरतात. कोणतं माप घ्यायचं, ते राशी आणि स्थानावरून ठरतं. चर राशी आणि केंद्रस्थान असेल तर काम लवकर, स्थिर राशी असेल तर रेंगाळत. तूळ चर आहे आणि चंद्र चौथ्या स्थानात, म्हणजे केंद्रात आहे. कोष्टक म्हणतं, दिवस धरा. चार दिवसांत फ्लॅटचा व्यवहार? टोकन मिळेल फार तर.

इथे अनुभवी ज्योतिषी पुढे बघायचं सोडून मागे बघतो. चंद्र दोनच अंशांपूर्वी मंगळाच्या केंद्रयोगातून सुटला आहे. मंगळ किमतीचा मालक, केंद्रयोग भांडणाचा. तेव्हा तो विचारतो, ‘इतक्यात भावावरून कुणाशी फिसकटलं का हो?’ गृहस्थ म्हणतात, ‘हो, एक पार्टी अडून बसली होती, पंधरवडा झाला.’ दोन अंशांना दोन आठवडे, म्हणजे या कुंडलीत अंशाला आठवडा. मग पुढच्या चार अंशांचे चार आठवडे. कोष्टकाचे दिवस बाजूला पडतात.

माझ्या मते सुटलेल्या योगाचं खरं मोल हेच आहे. नवशिके त्याला ‘संपलेला’ म्हणून टाकून देतात, पण भविष्याचं माप ताडून बघायला कुंडलीत तेवढीच एक जागा असते. जे होऊन गेलं ते विचारता येतं, आणि उत्तर ‘नाही’ही येऊ शकतं. गृहस्थ म्हणाले असते की भावावरून काहीच झालं नाही, तर कुंडली प्रश्नाशी जुळत नाही असं म्हणून ती मिटवणं बरं. ‘मनातल्या मनात झालं असेल’ अशी सारवासारव करणारेही असतात. तिथून पुढचं सगळं हवेत.

होऊ घातलेला योग होतोच असंही नाही. चंद्र शनीपर्यंत पोचण्याआधी वाटेत, समजा १२ अंशांवर, तिसऱ्या एखाद्या ग्रहाशी त्याचा योग होत असेल, तर लिलींच्या परंपरेत तो अडथळा समजतात. सौद्यात कुणीतरी तिसरा आडवा येतो. दुसरा धोका वक्री होण्याचा. वेगवान ग्रह नेमक्या अंतराच्या उंबऱ्यावर येऊन मागे फिरला की बोलणी होतात, पण सही होत नाही. चंद्र कधी वक्री होत नाही, त्यामुळे ही भीती बुध-शुक्रांच्या बाबतीत अधिक.

जन्मकुंडलीत हेच तत्त्व दिवसाला वर्ष धरून लावतात. जन्मानंतरच्या दहाव्या दिवसाचं आकाश म्हणजे दहावं वर्ष. पण इथे अंश मोजून वर्षं सांगणारे फसतात. रवी-मंगळाची युती व्हायला तीन अंश बाकी असतील, तर ती तिसऱ्या वर्षी पुरी होत नाही. रवी दिवसाला सुमारे एक अंश चालतो, पण युतीच्या सुमारास मंगळही त्याच दिशेनं पाऊण अंशाच्या आसपास चालत असतो. अंतर मिटतं ते उरलेल्या फरकानं, आणि त्याला दहा ते तेरा वर्षं लागतात.

वक्री ग्रह तर अंशांचा नियमच उलटा करतात. २०२० मध्ये गुरू आणि प्लूटोची युती तीनदा झाली, एप्रिलच्या सुरुवातीला, ३० जूनला आणि १२ नोव्हेंबरला. त्या वर्षी १ जूनला कुंडली मांडली असती, तर गुरू प्लूटोच्या सुमारे दोन अंश पुढे दिसला असता. वेगवान ग्रह पुढे, म्हणजे योग सुटला, असं कुणीही म्हटलं असतं. पण गुरू १४ मे रोजीच वक्री झाला होता आणि प्लूटोकडे परत येत होता. म्हणून जाणते लोक रेघेवर किंवा नुसत्या अंशांवर विसंबत नाहीत. एफिमेरिस उघडून ते दुसऱ्या दिवसाची ओळ वाचतात, आणि दोघांतलं अंतर कमी झालंय की वाढलंय एवढंच बघतात.