४२ थांबतो, म्हणून ९ आधी येतो

खालच्या सहा ओळी पायथन भाषेतल्या आहेत. त्यात एका संख्येची दुसरीशी तुलना कुठेच नाही. तरीही हे फंक्शन चालवलं की संख्या चढत्या क्रमाने छापल्या जातात.

```python
def inorder(node):
    if node is None:
        return
    inorder(node.left)
    print(node.key)
    inorder(node.right)
```

तुलना आधीच होऊन गेलेली असते, झाड बांधताना. समजा ४२, १७, ६८, २५, ९ आणि ५५ या संख्या याच क्रमाने आल्या. पहिली ४२ मुळाशी बसते. त्यानंतरची प्रत्येक संख्या मुळापासून निघते. समोरच्या संख्येपेक्षा लहान असेल तर डावीकडे, मोठी असेल तर उजवीकडे वळते आणि रिकामी जागा मिळेल तिथे बसते. १७ डावीकडे गेली, ६८ उजवीकडे. २५ आधी ४२च्या डावीकडे वळली आणि मग १७च्या उजवीकडे बसली. ९ला १७ची डावी जागा मिळाली, ५५ला ६८ची डावी. या रचनेला बायनरी सर्च ट्री म्हणतात.

आता फंक्शन ४२ला लावू. नवशिक्याला वाटतं, मुळापासून सुरुवात म्हणजे पहिली छापली जाणार ४२. पण छापण्याच्या ओळीआधी डाव्या फांदीचा कॉल आहे, आणि तो पुरता संपेपर्यंत ४२चं काम जिथल्या तिथे अडून राहतं. डावीकडे १७ भेटते. तिचीही तीच गत, तिच्या डावीकडे ९ आहे. ९च्या डावीकडे काहीच नाही, म्हणून तिथला कॉल None पाहून लगेच परततो. या क्षणी ४२, १७ आणि ९ असे तीन कॉल अर्धवट आहेत आणि स्टॅकवर एकावर एक रचलेले आहेत. एकही आकडा अजून छापलेला नाही. सगळ्यात वरचा कॉल ९चा, म्हणून पहिला आकडा ९.

९च्या उजवीकडेही काही नाही, तिचं काम संपतं. मग १७ जिथे थांबली होती तिथूनच पुढे चालू लागते: १७ छापली जाते आणि कॉल उजवीकडच्या २५कडे जातो. २५ला मुलं नाहीत, ती छापली जाते. इथे १७चा कॉल संपला आणि त्याबरोबर ४२ची अख्खी डावी बाजू. आता कुठे ४२ची पाळी. त्यानंतर उजवीकडे ६८ आपल्या डावीकडच्या ५५साठी थांबते, ५५ छापली जाते आणि शेवटी ६८. सहा संख्यांसाठी फंक्शन तेरा वेळा बोलावलं गेलं: सहा वेळा नोडसाठी, सात वेळा रिकाम्या जागांसाठी.

क्रम बरोबर येण्याचं कारण ४२पाशी उभं राहून बघितलं की स्वच्छ दिसतं. डाव्या फांदीतली प्रत्येक संख्या ४२पेक्षा लहान आहे आणि ४२च्या आधी छापली जाते. उजवीकडची प्रत्येक मोठी आहे आणि नंतर छापली जाते. उरला प्रश्न डाव्या फांदीच्या आतल्या क्रमाचा. पण ती फांदी स्वतःच एक छोटं सर्च ट्री आहे, तिलाही हाच युक्तिवाद लागू पडतो, तिच्या फांद्यांनाही. उतरत उतरत आपण रिकाम्या जागेवर पोचतो, जिथे क्रम चुकायला काही शिल्लकच नसतं. रिकर्जनवर विश्वास ठेवायचा तो या आधारावर.

यात ‘फांदीतली प्रत्येक संख्या’ हे शब्द फार महत्त्वाचे आहेत. एखाद्या प्रोग्रॅमने झाडात बसलेल्या २५च्या जागी परस्पर ४५ लिहिले, असं धरा. १७च्या उजवीकडे ४५ असायला हरकत दिसत नाही, ती १७पेक्षा मोठीच आहे. ४२च्या डावीकडे १७ आहे, तेही ठीक. प्रत्येक नोड फक्त आपल्या मुलांशी ताडून पाहिला तर झाड निर्दोष ठरतं. प्रत्यक्षात ४५ आता ४२च्या डाव्या फांदीत अडकली आहे आणि शोध घेताना ती सापडणार नाही, कारण शोध मुळापाशीच उजवीकडे वळेल. इनऑर्डर चालवा: ९, १७, ४५, ४२, ५५, ६८. ४५नंतर ४२ आली आणि चूक उघडी पडली. छापताना आधीची संख्या लक्षात ठेवून पुढची तिच्यापेक्षा मोठी आहे ना, एवढं पाहिलं तरी झाडाची पक्की तपासणी होते.

दुसरी अडचण क्रमाची नाही, खोलीची आहे. त्याच सहा संख्या ९, १७, २५ अशा चढत्या क्रमाने आल्या असत्या, तर प्रत्येक नवी संख्या उजवीकडेच गेली असती आणि झाडाची सरळ साखळी झाली असती. उत्तर तरीही क्रमवारच येतं, पण शेवटच्या संख्येपर्यंत एकही कॉल संपत नाही. पायथनमध्ये एकात एक कॉलची मर्यादा सहसा १०००च्या आसपास असते. हजार नोडांची अशी साखळी दिली की छपाई अर्ध्यात तुटते आणि पडद्यावर `RecursionError` येतो. १९६२ साली अॅडेल्सन-वेल्स्की आणि लँडिस या सोव्हिएत गणितज्ञांनी संख्या घालतानाच फांद्या फिरवून झाड समतोल राखण्याची रीत मांडली. त्यांच्या आद्याक्षरांवरून त्याला एव्हीएल ट्री म्हणतात. त्या झाडात हजार संख्या जास्तीत जास्त चौदा पातळ्यांत बसतात, आणि वरच्या सहा ओळी एक अक्षरही न बदलता त्यावर चालतात.