पंधरा लाख, पण कशाचे?

सकाळी 9. पांढुर्ण्याच्या माझ्या दवाखान्यात सौंसरकडचा एक बाप पहिल्याच नंबरला. सहा वर्षांच्या मुलाला थॅलेसेमिया मेजर. दर तीन-चार आठवड्यांनी रक्त चढवावं लागतं. नऊ वर्षांच्या बहिणीचं एचएलए पूर्ण जुळलंय. सख्ख्या भावंडाचं असं जुळण्याची शक्यता चारात एक असते. आता बोन मॅरो ट्रान्सप्लांट करायचं. त्यासाठी लोकांकडे मदत मागायची, म्हणून मोठ्या शहरातल्या रुग्णालयाने दिलेलं एस्टिमेट तो दाखवायला आलाय. कागदावर एकच ओळ : 'अंदाजे खर्च 15 लाख.'

"साहेब, आकडा त देल्ला, पन कशाचा हे नाही लिवलं."

बरोबर आहे. देणाराही पहिल्यांदा तेच विचारणार.

11 वाजता. ओपीडीतून वेळ काढून ट्रान्सप्लांटच्या डॉक्टरांना फोन. पोराचं यकृत बोटांना लागतं, फेरिटिन वाढलेलं, लोह उतरवणारी गोळी मध्ये बंद पडली होती, हे मी सांगतो. अशा मुलात प्रत्यारोपणाची जोखीम वाढते आणि खर्चही. त्यामुळे एक ठोक आकडा चालणार नाही, हे त्यांनाही पटतं.

दुपारी 1. माझं पत्र लिहितो : निदान, आजवरचं रक्त, यकृताची स्थिती, दाता कोण. खाली सही, नोंदणी क्रमांक, शिक्का. किमतीबद्दल मी काही लिहीत नाही. तो अधिकार उपचार करणाऱ्या रुग्णालयाचा.

4 वाजता. सुधारलेलं एस्टिमेट येतं. प्रत्यारोपण आणि पाच आठवडे भरती, 12 लाख. संसर्ग झाला किंवा बहिणीच्या पेशी भावाच्या शरीराशी झगडल्या, तर आणखी 3 लाखांपर्यंत. सुट्टीनंतर तीन महिने रुग्णालयाजवळ खोली, औषधं आणि तपासण्या यांचे सुमारे दीड लाख यात नाहीत, असंही स्पष्ट लिहिलंय. म्हणजे जास्तीत जास्त साडेसोळा.

5 वाजता. बापासोबत हिशोब. कोल इंडियाची थॅलेसेमिया बाल सेवा योजना पात्र मुलाला यादीतल्या रुग्णालयात 10 लाखांपर्यंत देते. रुग्णालय यादीत आहे, अर्ज गेलाय, मंजुरी बाकी आहे. मंजुरी येईपर्यंत ते पैसे आले असं धरायचं नाही. म्हणून आवाहनात दोन्ही आकडे : मंजुरी आली तर साडेसहा लाख, नाही आली तर साडेसोळा. साडेसहातले 3 लाख गुंतागुंत झाली तरच लागतील, तेही सांगायचं.

संध्याकाळी 7. शेवटची पडताळणी. एस्टिमेटवर तारीख आणि मुदत आहे. रुग्णाचं नाव, वय, नोंदणी क्रमांक रिपोर्टांशी जुळतात. पैसे रुग्णालयाच्या खात्यात, मुलाच्या नोंदणी क्रमांकावर जमा होतील. लोकांना दाखवायच्या प्रतीवर पत्ता आणि आधार क्रमांक झाकतो. उरलेल्या रकमेचं काय करणार, हे रुग्णालयाकडून लेखी घ्यायचं राहिलंय. ते हाती येईपर्यंत आवाहन थांबवायला सांगतो.